संत्रा बर्फीला हलाल सर्टिफिकेट मागून राहिले, त्यात नेमकं काय पाहतात?

महालचा_हलवाई
नमस्कार मंडळी. महालात आमचं मिठाईचं लहानसं युनिट आहे, वडिलांच्या काळापासूनचं. दुबईतल्या एका दुकानदाराला आपली संत्रा बर्फी पाहिजे, अडीचशे ग्रॅमचे पॅकबंद डबे, भाव वगैरे सगळं ठरत आलं होतं आणि परवा त्याचा मेल आला की हलाल सर्टिफिकेट जोडा. आता बर्फीत काय असते ते सांगतो, खवा, साखर, संत्र्याचा गर, थोडं तूप, रंग, संत्र्याचा इसेन्स आणि वरून चांदीचा वर्ख. मांसाचा दूरदूरपर्यंत संबंध नाही, डब्यावर हिरवा ठिपका आहे, एफएसएसएआयचं लायसन्स आहे. मग हे सर्टिफिकेट कशाचं घ्यायचं? येऊन पाहतात तरी काय? ज्यांनी हे काम केलं आहे त्यांनी कृपया सांगा, मला त्याला उत्तर द्यायचं आहे.

जुना_धरमपेठी
भाऊ, हलाल फक्त मांसाला लागते. जनावर कसं कापलं त्याचा तो विषय आहे. तुमच्या डब्यावर हिरवा ठिपका आहे म्हणजे शाकाहारी, आणि शाकाहारी म्हणजे आपोआप हलाल. त्याला ठिपक्याचा फोटो पाठवून द्या आणि मोकळे व्हा. उगाच पैसे घालवू नका.

सावजी_प्रेमी
माझाही एक प्रश्न इथंच टाकतो. फ्रोझन चिकन नगेट्सचं पाकीट आणलं त्यावर तपकिरी त्रिकोण पण आहे आणि हलालचा गोल शिक्का पण आहे. दोन्ही कसे काय? आणि हलाल लिहिलं म्हणजे माल ताजा आणि स्वच्छ असतो असं आमचे शेजारी सांगतात ते खरं आहे का? कारण आमच्या घरी त्या पाकिटातल्या नगेट्सना वास येत होता.

क्यूए_बुटीबोरी
महालचे भाऊ, मी बुटीबोरीत फूड कंपनीत क्वालिटीला आहे, हलाल ऑडिटला ऑडिटरसोबत प्लांटभर फिरण्याचं काम माझ्याकडेच असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धरमपेठीकाका म्हणतात ते अर्ध बरोबर आहे. हिरवा ठिपका असला की अर्ध काम होऊन जाते हे खरं. उदाहरणार्थ लेबलवर इमल्सिफायर 471 लिहिलेलं असते, ते वनस्पती तेलापासूनही बनते आणि प्राण्याच्या चरबीपासूनही, नुसत्या नंबरवरून कळत नाही. पण भारतात ठिपका हिरवा लावायचा तर ते वनस्पतीचंच असावं लागते, त्यामुळे तो प्रश्न तिथंच मिटतो. जिलेटिन, चीजमधलं वासराच्या पोटातलं रेनेट, कोचिनियल किड्यांपासून बनणारा 120 नंबरचा लाल रंग, हे सगळं हिरव्या ठिपक्यात येऊच शकत नाही. पण हिरवा ठिपका दारूबद्दल, म्हणजे अल्कोहोलबद्दल, काहीच बोलत नाही. रमच्या स्वादाचा केक असो की ब्रँडी टाकलेलं चॉकलेट, अंडं नसेल तर त्याला हिरवा ठिपका मिळतो. हलालवाल्यासाठी तीच पहिली अडचण आहे. म्हणून ठिपक्याचा फोटो पाठवून काम होणार नाही.

तुमच्या बर्फीत मला तीन जागा दिसतात, इसेन्स, रंग आणि वर्ख. खवा, साखर, तूप यावर ऑडिटर फार थांबणार नाही, फक्त सप्लायरचे कागद मागेल. आधी मला सांगा रंग कोणता वापरता आणि इसेन्सच्या बाटलीवर काय लिहिलं आहे?

महालचा_हलवाई
धन्यवाद दादा. रंग आतापर्यंत सिंथेटिकच होता, सनसेट यलो, पण त्या दुबईवाल्याला नॅचरल पाहिजे म्हणून बीटा कॅरोटीनची पावडर मागवली आहे, एक किलोचं सँपल पाकीट आलं. इसेन्स इतवारीतून घेतो, बाटलीवर फक्त ऑरेंज फ्लेवर, नेचर आयडेंटिकल, डोस एका किलोला एक मिली एवढंच आहे. पातळ आहे, पाण्यात लगेच विरघळतो, झाकण उघडलं की सुरुवातीला जरा झणका येतो.

क्यूए_बुटीबोरी
पाण्यात विरघळणारा आणि झणका येणारा म्हणजे बहुतेक त्यात इथेनॉल आहे. स्वादाचे मूळ घटक तेलकट असतात, ते पाण्यात मिसळावे म्हणून कशात तरी विरघळवावे लागतात, कोणी इथेनॉल वापरते, कोणी प्रोपिलीन ग्लायकॉल, कोणी ट्रायअसिटिन, कोणी साधं तेल. बाटलीवर हे बहुतेक नसते. सप्लायरला मेल करून स्पेसिफिकेशन शीट मागा आणि सरळ विचारा, कॅरियर कोणता आणि किती टक्के. तोंडी सांगितलेलं ऑडिटर घेत नाही, लेटरहेडवर सहीशिक्क्यासह लागते.

हिशेब करून पाहू. समजा इसेन्समध्ये साठ टक्के इथेनॉल आहे. शंभर किलोच्या घाणीला तुम्ही शंभर मिली टाकता, म्हणजे साठ मिली इथेनॉल गेलं, बर्फीत ते साधारण 0.06 टक्के बसते, तेही कढई गरम असताना टाकलं तर त्यातलं बरंच उडून जाते. मलेशियात फ्लेवर टिकवायला वापरलेल्या अल्कोहोलची तयार पदार्थातली मर्यादा 0.5 टक्के धरतात, आणि ते दारू बनवण्याच्या प्रक्रियेतलं नसावं अशी अट आहे. त्या मापानं तुमची बर्फी बसते. पण सगळ्या संस्था हे मान्य करत नाहीत, काही म्हणतात वरून टाकलेलं अजिबात नको. वाद घालत बसण्यापेक्षा त्याच सप्लायरकडून प्रोपिलीन ग्लायकॉलवाला किंवा तेलातला ऑरेंज फ्लेवर घ्या. बर्फीत पाणी कमी असते, तेलातला छान मिसळतो आणि वासही जास्त दिवस टिकतो.

आता रंगाचं, इथं खरी गोम आहे. बीटा कॅरोटीन हवेनं आणि उजेडानं लवकर खराब होते, म्हणून पावडर बनवताना त्याच्या बारीक कणांवर आवरण चढवतात. ते आवरण बऱ्याच ठिकाणी जिलेटिनचं असते. म्हणजे रंग गाजराच्या कुळातला आणि आवरण जनावराचं. तसं असेल तर हलालच काय, तुमचा हिरवा ठिपकाही जाईल. स्टार्च किंवा बाभळीच्या जातीच्या डिंकाचं आवरण असलेली पावडरही बाजारात मिळते. सँपलच्या पाकिटाची मागची बाजू पाहा, इनग्रेडियंट्स बारीक अक्षरात असतात.

मोमीनपुऱ्याची_सून
वाचून बरं वाटलं, कोणी तरी नीट लिहिलं. आमच्या घरचं सांगते. आम्ही पेढा, बर्फी, सोनपापडी घेताना कधी शिक्का शोधत नाही, ओळखीचं दुकान असलं की झालं. शिक्का बघतो तो मार्शमेलो, जेली, बाहेरच्या देशातलं चॉकलेट असलं तर. मुलांना वाढदिवसाला रिटर्न गिफ्टमध्ये जेली मिळते ना, तिच्यावर तपकिरी त्रिकोण असला तर आत जिलेटिन कशाचं आहे ते त्रिकोण सांगत नाही, गायीचं की डुकराचं की माशाचं. आणि गायीचं असलं तरी ते जनावर कसं कापलं हा प्रश्न उरतोच. तिथं आम्हाला हलालचा शिक्का लागतो. त्यामुळे धरमपेठीकाका, मिठाईलाही त्याचं काम असते.

सावजीवाले भाऊ, त्रिकोण सरकारी आहे, मांसाहारी असं सांगणारा, तो लावावाच लागतो. हलालचा शिक्का कंपनी स्वतःहून घेते. दोघांची कामं वेगळी.

सावजी_प्रेमी
समजलं ताई. पण वासाचं काय?

क्यूए_बुटीबोरी
सावजी भाऊ, वासाचं हलालशी काही घेणंदेणं नाही. हलालचा ऑडिटर प्लांटमध्ये स्वच्छता पाहतो, पण तुमच्या पाकिटातला माल दुकानदाराच्या फ्रीझरमध्ये उणे अठरावर होता की रात्री लाइट गेली तेव्हा वितळून पुन्हा गोठला हे कोणताच शिक्का सांगत नाही. पाकिटात आत बर्फाचे खडे आणि नगेट्स एकमेकांना चिकटलेले असले तर माल मधे वितळला होता असं समजा. ती तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्टवर जाते, बॅच नंबर आणि बिल ठेवा.

तुमच्या पाकिटावरून एक शिकण्यासारखं आहे, सगळ्यांसाठी लिहितो. पाकिटाच्या मागे बऱ्याच कंपन्यांचे दोन-तीन कारखान्यांचे पत्ते असतात, प्रत्येकापुढे ए, बी, सी असं अक्षर आणि प्रत्येकाचा वेगळा चौदा अंकी लायसन्स नंबर. तुमच्या हातातलं पाकीट कुठं बनलं ते बॅच नंबरच्या पहिल्या अक्षरावरून कळते, तसं तिथंच बारीक लिहिलेलं असते. हलाल सर्टिफिकेट कंपनीच्या नावाला मिळत नाही, एका पत्त्यावरच्या कारखान्याला आणि त्यासोबत जोडलेल्या प्रॉडक्टच्या यादीला मिळते, बहुतेक एका वर्षासाठी. ए कारखान्याचं असलं म्हणजे बीचं आहेच असं नाही. नगेट्सचं असलं म्हणजे त्याच कंपनीच्या सॉसेजचं आहे असंही नाही.

जुना_धरमपेठी
मग नगेट्सच्या शिक्क्यात कोंबडी कापण्यापासून सगळं येते की फक्त तळण्याचं? कारण कंपनी कोंबडी दुसरीकडून आणत असेल ना.

क्यूए_बुटीबोरी
चांगलं विचारलं काका. नगेट्स बनवणाऱ्या कारखान्याचा ऑडिट होतो तेव्हा कच्चं चिकन कोणत्या कत्तलखान्यातून येते आणि त्याचं स्वतःचं हलाल सर्टिफिकेट चालू आहे का हे पाहतात. येणाऱ्या प्रत्येक गाडीसोबतचा कागद आणि आतला बॅच नंबर जुळवतात. मग ब्रेडक्रंब्स, मसाला, फ्लेवर, तळायचं तेल. घोळ बहुतेक इथंच होतो, एखाद्या सणाला मागणी वाढते, नेहमीच्या सप्लायरकडे माल नसतो आणि खरेदीवाला दुसरीकडून दोन टन चिकन उचलतो. ऑडिटर म्हणूनच मागच्या काही महिन्यांची चलनं काढायला लावतो आणि किती किलो चिकन आलं, किती किलो नगेट्स बाहेर गेले याचा मेळ घालतो. मेळ बसला नाही की प्रश्न सुरू.

कत्तलखान्यात कापणारा मुसलमान, अल्लाचं नाव घेऊन, धारदार सुरीनं, सुरी एकदाच फिरवून श्वासनळी, अन्ननलिका आणि मानेच्या रक्तवाहिन्या कापल्या जाव्या, पक्षी त्या क्षणाला जिवंत असावा आणि रक्त पूर्ण निथळावं, एवढं पाहतात. मोठ्या लाइनवर आधी पाण्यातून हलका करंट देऊन कोंबडी सुन्न करतात. करंट जास्त झाला तर ती कापण्याआधीच मरते आणि मग ती हलाल राहत नाही. म्हणून मधेमधे एखादी कोंबडी लाइनवरून न कापता काढून ठेवतात, ती थोड्या वेळात शुद्धीवर येऊन उभी राहिली तर सेटिंग बरोबर.

मोमीनपुऱ्याची_सून
या सुन्न करण्यावरच आमच्याकडे एकमत नाही. माझे सासरे पॅकेटचं चिकन खातच नाहीत, म्हणतात डोळ्यासमोर कापलेलंच. नवरा म्हणतो शिक्का आहे म्हणजे आलिमांनी पाहिलं आहे. आणि मशीनच्या पात्यानं कापलं तर? बटण दाबताना एकदाच नाव घ्यायचं का?

क्यूए_बुटीबोरी
ताई, त्यावर सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांमध्येच दोन मतं आहेत. काही मशीनचं पातं चालवून घेतात, लाइनजवळ मुसलमान ऑपरेटर असावा या अटीवर, काही फक्त हातानं कापलेलंच मान्य करतात. टेप लावून नाव घेतलेलं मात्र सहसा चालत नाही. दोन पाकिटांवर शिक्का सारखाच दिसला तरी मागची पद्धत वेगळी असू शकते, म्हणून शिक्क्यावर संस्थेचं नाव वाचणं महत्त्वाचं. सासऱ्यांच्या आणि तुमच्या यजमानांच्या मतात बरोबर कोण हे मी सांगू शकत नाही, तो माझा विषय नाही.

ऑरेंज_सिटी_87
हे सगळं पैसे कमावण्याचे धंदे आहेत. सरकारी एफएसएसएआय असताना खाजगी संस्थांनी शिक्के कशाला द्यायचे? उत्तर प्रदेशानं बंद केलं ते बरोबर केलं. आपल्याकडे आता मल्हार सर्टिफिकेट आलं आहे, सगळ्यांनी तेच घ्यावं.

संपादक
धाग्याचा विषय शिक्क्यात काय येते आणि काय येत नाही हा आहे. घ्यावं की नाही यावर राजकीय चर्चा इथं नको. त्या अंगानं माहिती असेल तर जरूर लिहा.

क्यूए_बुटीबोरी
माहितीपुरतं लिहितो. उत्तर प्रदेश सरकारनं नोव्हेंबर 2023 मध्ये हलाल सर्टिफिकेट असलेल्या मालाच्या राज्यातल्या उत्पादन, साठवण आणि विक्रीवर बंदी घातली, पण निर्यातीचा माल त्यातून वगळला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयानं मांसाच्या निर्यातीसाठी नियम काढला, की हलाल म्हणून पाठवायचं तर सर्टिफिकेट देणारी संस्था क्वालिटी कौन्सिलच्या आय-कॅस हलाल योजनेत मान्यता असलेली पाहिजे. म्हणजे खाजगी संस्थांवरही एक तपासणी आली. पण तो नियम मांस आणि मांसाच्या पदार्थांचा आहे, महालच्या भाऊंच्या बर्फीला तो लागू नाही.

मल्हार मार्च 2025 मध्ये मंत्री नितेश राणे यांनी जाहीर केलं, झटका मटण-चिकन विकणाऱ्या हिंदू खाटिकांच्या दुकानांसाठी आहे. म्हणजे मारण्याची पद्धत आणि दुकान, एवढाच त्याचा विषय. बर्फीच्या इसेन्सबद्दल किंवा नगेट्सच्या पाकिटाबद्दल ते काही सांगत नाही. ज्याला झटकाच पाहिजे त्याच्यासाठी ते कामाचं आहे.

वर्धमाननगर_काकू
मला वाटलं इथं मिठाईच्या शुद्धतेबद्दल चालू आहे. आमच्या सासूबाई जैन आहेत, पर्युषणानंतर बाहेरचं घेताना मी जैन लिहिलेली पाकिटं आणते. त्यात वर्ख चालतो का हो? वर्ख जनावराच्या आतड्यात कुटतात असं ऐकलं होतं तेव्हापासून मी वर्खाची मिठाई घरात आणली नाही.

क्यूए_बुटीबोरी
काकू, हाव, हातानं कुटलेला जुन्या पद्धतीचा वर्ख बैलाच्या आतड्याच्या पापुद्र्यांच्या वहीत ठेवून कुटायचे. आता मशीनवर सिंथेटिक शीटमध्ये कुटलेला मिळतो. आणि पाकिटावर जैन लिहिण्यासाठी कायद्यात वेगळी व्याख्या नाही, कंपनी आपल्या मनानं लिहिते, बहुतेक वेळा अर्थ एवढाच की कांदा, लसूण, बटाटा नाही. वर्खाचं त्यात धरलं असेलच असं नाही. तुम्ही दुकानदाराला वर्खाच्या गठ्ठ्याचं वेष्टन दाखवायला सांगा, त्यावर मशीन मेड आणि हिरवा ठिपका आहे का पाहा.

महालचे भाऊ, हाच कागद तुम्हालाही लागणार आहे. ऑडिटर वर्ख विचारतोच. आणि अजून एक, तुमच्याकडे ट्रेला तूप लावायला ब्रश वापरता का? पांढरे केसाळ लाकडी ब्रश असतील तर ते आजच काढून टाका, ते पुष्कळदा डुकराच्या केसांचे असतात. केस जाळून पाहिला तर जळक्या नखासारखा वास येतो आणि चुरा होतो, नायलॉनचा असला तर वितळून गोळा होतो. सिलिकॉनचे ब्रश घ्या.

महालचा_हलवाई
दादा ब्रशचं वाचून लगेच कारखान्यात जाऊन पाहिलं. तूप लावायचे नायलॉनचे निघाले, पण गुलाबजामच्या ट्रेचे दोन जुने लाकडी आहेत, त्यांचा केस जाळला तर अगदी नखाचा वास. काढून टाकले.

रंगाच्या सँपलचं पाकीट पण उलटून पाहिलं. बीटा कॅरोटीन, जिलेटिन, सुक्रोज, कॉर्न स्टार्च असं लिहिलं आहे!! विकणारा फोनवर म्हणून राहिला होता की हंड्रेड परसेंट व्हेज. त्याला पाकिटाचा फोटो पाठवला, आता स्टार्चवालं सँपल पाठवतो म्हणाला. आमचे कितीतरी गिऱ्हाईक उपासाला बर्फी नेतात, त्यांच्या पोटात हे गेलं असतं तर मी तोंड दाखवू शकलो नसतो. हलालच्या निमित्तानं हे समजलं.

आता विचारतो की सर्टिफिकेट कोणाकडून घ्यायचं आणि खर्च किती? एकानं फोनवर सांगितलं की पैसे भरा, तीन दिवसात पीडीएफ मेल करतो, कोणाला यायची गरज नाही.

क्यूए_बुटीबोरी
ते अजिबात घेऊ नका. कोणी कारखान्यात न येता सर्टिफिकेट देत असेल तर दुबईच्या बंदरावर माल अडकला की त्याचा फोन लागणार नाही. आधी गिऱ्हाइकाला लेखी विचारा की कोणत्या संस्थेचं चालते. प्रत्येक देशाची स्वतःची यादी असते, मलेशियात जाकिम ठरवते, इंडोनेशियात बीपीजेपीएच, यूएईत त्यांचं उद्योग मंत्रालय. भारतात चांगलं नाव असलेली संस्था एका देशाच्या यादीत असेल आणि दुसऱ्याच्या नसेल असं होते. आणि त्याला हेही विचारा की कायद्यानं लागते आहे की त्याच्या शेल्फवर शिक्का पाहिजे म्हणून मागतो. दुसरं असलं तर कधीकधी सगळ्या घटकांच्या कागदांसोबत तुमचं डिक्लेरेशनही चालते.

अर्ज करताना फक्त संत्रा बर्फी टाका, सगळी मिठाई टाकू नका, कारण यादीतल्या प्रत्येक पदार्थाच्या प्रत्येक घटकाचा कागद द्यावा लागतो. आणि सर्टिफिकेट आल्यावर इसेन्सचा सप्लायर बदलला तर आधी संस्थेला कळवायचं, मग वापरायचं.

जुना_धरमपेठी
क्यूए साहेब, तुमचं सगळं पटलं, एक सोडून. त्या माणसानं फक्त संत्रा बर्फीसाठी एवढा खर्च करावा का? दिवाळीत महालातच त्याचा माल पुरत नाही. डिक्लेरेशनवर काम होत असेल तर मी तरी शिक्का घेणार नाही.

मोमीनपुऱ्याची_सून
काका, दुबईत नागपूरचे आणि हैदराबादचे लोक काय कमी आहेत का, त्यांना संत्रा बर्फी मिळू द्या की. माझी नणंद शारजाला असते, ती प्रत्येक वेळी इथून नेते.

महालचा_हलवाई
दुबईवाल्याचं उत्तर आलं. कायद्यानं लागते का यावर त्यानं काही लिहिलं नाही, पण दोन संस्थांची नावं दिली, यातलं कोणतंही चालेल म्हणतो. दोन्हीकडे फी आणि ऑडिटरच्या येण्याजाण्याचा खर्च विचारला आहे. डिक्लेरेशनवर पहिला छोटा लॉट घेतो का हेही विचारलं. तेलातला फ्लेवर आला आहे, उद्या पाच किलोची घाणी टाकून पाहतो, हा कढई उतरवण्याआधी टाकायचा की नंतर?

क्यूए_बुटीबोरी
नंतर. कढई उतरवून मिश्रण हाताला सोसेल एवढं गरम राहिलं की टाका, नाहीतर संत्र्याचा वास वाफेसोबत निघून जाईल. आणि त्या घाणीचा एक डबा तारीख टाकून बाजूला ठेवा, रोज उघडून पाहा, तेलातला फ्लेवर कधीकधी आठवड्याभरानं कडवट लागतो. नवीन रंगाच्या पावडरचा कागद आला की इथं टाका, मी पाहतो.